चूळ नंतर

पेला

निजामने पेल्याकडे हात नेला आणि आबिदाने पेला उचलला.

"अर्धा तास, अब्बा."

"घोटभरच, बेटा. घसा कोरडा पडलाय."

"अर्धा तास."

निजाम हसला. हात तसाच गुडघ्यावर ठेवून उठला, टोपी सारखी केली आणि गल्लीत उतरला. बाहेर अजून अंधार होता. कथडा मोहल्ल्यातल्या त्या लहान मशिदीपर्यंत पन्नास-साठ पावलांचा रस्ता. थोड्या वेळात भोंगा खरखरला, आणि मग त्याचा आवाज.

आबिदा भरलेला पेला हातात धरून ऐकत राहिली. थंडीत इतकी लांब तान अब्बांना गेल्या कित्येक वर्षांत जमली नव्हती. तिने पेल्यातलं पाणी परत माठात ओतलं.

ते पाणी, तो पेला, तिचा हात. पुढे सगळं इथेच परत परत येणार आहे.


गंगापूर रोड, पहिली खेप

त्याआधी एक महिना. डॉक्टर देवरे यांचा दवाखाना. भिंतीवर फुप्फुसांचं चित्र, टेबलावर तांब्या-भांडं.

निजामला शेजारच्या खोलीत छातीचा फोटो काढायला नेलं होतं. डॉक्टर आणि आबिदा, दोघंच समोरासमोर.

"तुम्ही शिक्षिका ना? मग तुम्हीच नीट लक्षात ठेवा. हा पंप दम लागल्यावर घ्यायचा नाही. दम लागू नये म्हणून घ्यायचा. रोज, चार वेळा, दोन-दोन झटके. घेतल्या घेतल्या फरक वाटणार नाही. आठ-दहा दिवस जाऊ द्या, छातीची आतली सूज उतरत जाईल. बरं वाटलं तरी सोडायचा नाही."

"जी."

"आणि औषध घेतलं की चूळ भरायची. गुळण्या करून थुंकून टाकायचं."

आबिदा हसली. "चुळीचं काय सांगता, डॉक्टरसाहेब. अब्बा बांगी आहेत, मशिदीत अजान देतात. दिवसातून पाच वेळा नमाजाआधी वजू करतात. वजूत तीन-तीनदा चूळ."

"मग प्रश्नच मिटला," डॉक्टरही हसले. "माझ्या सगळ्या पेशंटांनी असं करायला हवं."

तेवढ्यात निजाम सदऱ्याची बटणं लावत आत आला. डॉक्टरांनी त्याला पंप हातात घेऊन दाखवला. हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. तोंडात धरून सावकाश आत ओढायला लागायचं आणि ओढता ओढता दाबायचं. मग श्वास कोंडून धरायचा, जमेल तितका.

"ते तुम्हाला जमेलच," डॉक्टर म्हणाले. "तुमचा धंदाच श्वास धरायचा."

"धंदा नाही साहेब, खिदमत," निजाम म्हणाला. "धंदा स्टो दुरुस्तीचा."

चुळीचा विषय पुन्हा निघाला नाही.


तिने काय केलं

आबिदा म्युनिसिपालिटीच्या उर्दू शाळेत तिसरीला शिकवायची. आई गेल्यापासून घर तिच्याच हाती. औषधं, डाळ, रॉकेल, अब्बा.

पंपाआधी सात-आठ वर्षं अब्बा होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या घेत होते. त्या गोळ्यांचा कायदा कडक होता. गोळी जिभेवर ठेवायची आणि अर्धा तास तोंडात काही नाही. पाणी नाही, पान नाही, लवंग नाही. हा कायदा त्या घरात नमाजाच्या वेळांइतकाच मुरला होता. गोळ्या गेल्या. कायदा राहिला.

पंप मुंबईहून मागवावा लागे. तो आला की ती रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायची. इतक्या लांबून आलेलं औषध तोंडात घ्यायचं आणि लगेच पाण्याबरोबर मोरीत थुंकायचं? डॉक्टर स्वच्छतेसाठी म्हणाले असतील. स्वच्छता तर वजूत होतेच. तिने मनाशी वेळापत्रक बसवलं. आधी वजू. मग स्वच्छ तोंडाने औषध. मग अजान. पाचातल्या असरला, दुपारनंतरच्या नमाजाला, पंपाची सुट्टी, बाकी चार वेळा हाच क्रम. म्हणजे विसरायला नको.

आणि औषधानंतर अर्धा तास पाणी नको. हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. हे तिने सांगितलं.

"डॉक्टर म्हणाले?" निजामने एकदाच विचारलं होतं.

"हो," ती म्हणाली होती. कणीक मळता मळता. मान वर न करता.


उपयोग

झाला. चांगलाच झाला.

जानेवारीत निजाम जिना चढताना थांबेनासा झाला. रात्री उशा रचून बसणं बंद झालं. आणि अजान. भिंतीपलीकडच्या लताबाई सकाळी सातपूरच्या कारखान्यातल्या पहिल्या पाळीसाठी मुलाचा डबा करायच्या. त्या एकदा शाळेच्या वाटेत भेटल्या.

"निजामभाऊंना काय चारतीस गं आजकाल? आधी त्यांच्या बांगेवर मी नुसती उठायचे. आता आमचं मांजर पण उठतंय."

आबिदाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा निजाम इतका हसला की पूर्वी असता तर खोकला लागला असता. लागला नाही.

"नदीपलीकडे जातो म्हणतात आवाज," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

दुसऱ्या दिवशी त्याने शेवटची तान आणखी ताणली.


खरखर

मार्च लागता लागता आवाजात काहीतरी आलं. आधी वाटलं भोंगा बिघडला. जमीलने भोंगा उतरवून पाहिला. जमील सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होता, तिशीचा, मशिदीची वायरिंग, पंखा, भोंगा सगळं तोच बघायचा.

"चाचा, भोंगा ठीक आहे."

"मग?"

जमील पाना पुसत राहिला.

मग आवाज बसला. सकाळी थोडा असायचा, दुपारपर्यंत नुसती हवा. कधी मध्येच फाटायचा. आलं, मध, मिठाचं गरम पाणी, सगळं झालं. पण औषधानंतर अर्ध्या तासाच्या आत मिठाचं पाणीही नाही. आबिदाचं लक्ष होतं.

मग जेवण.

"तिखट कमी कर."

"काल होतं तेवढंच आहे, अब्बा."

"जळतंय."

तिने त्याला दारात उजेडाला उभं केलं आणि तोंड उघडायला लावलं. जिभेवर दही सांडल्यासारखे पांढरे ठिपके. गालांच्या आत. टाळूवर, मागे पार घशापर्यंत. ओल्या फडक्याने तिने एक ठिपका पुसला. तो निघाला आणि खाली लालबुंद कातडं दिसलं. फडक्याला किंचित रक्त.

 निजाम आरशात पाहायलाही गेला नाही.

त्या आठवड्यात त्याने अजान अर्ध्यावर सोडली. शब्द होते, आवाज नव्हता. भोंग्यातून सगळ्या मोहल्ल्याने त्याचा नुसता श्वास ऐकला. मग एक ठक आवाज, मग जमीलने पहिल्यापासून दिलेली अजान.

जमील घरी आला तेव्हा उंबऱ्याच्या आत येईना.

"चाचा, कमिटीवाले म्हणतात रमजानपर्यंत मी... तुम्ही बरे होईपर्यंत."

"ये ना आत. सुतक आहे का इथे?"

"तुम्ही नाही म्हटलं तर मी देणार नाही."

"आणि मग कोण देईल? तुझी लेथ?" निजामच्या घोगऱ्या आवाजात विनोद कळायला वेळ लागला. जमील हसला तेव्हा उशीर झाला होता. "दे बाबा. फक्त 'फलाह'च्या ओळीवर घाई करतोस. शिफ्ट सुटल्यासारखी."

जमील गेल्यावर निजाम बराच वेळ स्टोचा बर्नर पिनेने साफ करत बसला.

"मला माहीत आहे आवाज का गेला," तो म्हणाला.

आबिदाच्या हातातलं भांडं थांबलं.

"गरूर. अजान नदीपलीकडे ऐकू जावी म्हणून देत होतो मी. ज्याने दिला त्याने काढून घेतला."

"असं काही नसतं, अब्बा."

"तुला काय माहीत?"

तेव्हा तिला खरंच माहीत नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी लताबाई मोरीच्या भिंतीवरून म्हणाल्या, "त्या फवाऱ्यानंच घसा जाळला बघ. माझ्या मावशीचं पण असंच झालं एका औषधानं. बंद करा म्हणावं." निजामने ते ऐकलं. गरूर आणि फवारा या दोन कारणांतलं एक आपल्या हातात होतं. त्याने पंप रुमालात गुंडाळला आणि कपाटात मागे सारला.

"डॉक्टरांना विचारू."

"आवाज गेला डॉक्टरच्या औषधाने. आता विचारायला पण आवाज नाही. तू जा."


गंगापूर रोड, दुसरी खेप

ती गेली. एकटी. भिंतीवर तेच चित्र, टेबलावर तोच तांब्या.

तिने सगळं सांगितलं. दह्यासारखे ठिपके, फडक्याचं रक्त, आवाज. डॉक्टर ऐकता ऐकता मान हलवत होते, ओळखीचा माणूस लांबून येताना दिसावा तसे.

"बुरशी आहे," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या तोंडात थोडी असते, काही करत नाही. पण पंपातलं औषध बरंचसं तोंडातच पडतं. फुप्फुसात जातो तो थोडा भाग. तोंडात राहिलेलं औषध तिथली राखण ढिली करतं, मग ही वाढते. तेच औषध आवाजाच्या तारांवर बसतं, मग आवाज बसतो. पण त्यासाठीच तर चूळ. ते पाच-पाच वेळा भरतात म्हणाला होतात."

"भरतात."

"घशापर्यंत गुळण्या?"

"हो."

"कधी?"

आबिदाला प्रश्न कळला नाही.

"चूळ आधी की औषध आधी?"

बाहेर रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत आबिदा टेबलावरच्या तांब्याकडे बघत राहिली. तांब्या उलट्या पेल्याने झाकलेला होता.

"चूळ आधी," ती म्हणाली.

"आणि औषधानंतर?"

"नंतर काही नाही."

"पाणी?"

"पाणीही नाही. अर्धा तास."

"हे कोणी सांगितलं?"

 डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला वाटलं, औषध वाया जाईल," ती शेवटी म्हणाली.

"फुप्फुसात पोचलेलं औषध पाण्याने धुऊन जात नाही, बाई. पाणी तिथे जातच नाही. धुऊन जातं ते तोंडातलं. आणि तोंडातलं काही कामाचं नाही, ते फक्त त्रास देतं." मग ते चष्मा पुसू लागले. "मीही तेव्हा हसून सोडून दिलं. विचारायला हवं होतं."

ते असं म्हणाले नसते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिच्या वाट्याचं त्यामुळे कमी झालं नाही.

त्यांनी तोंडात लावायला जांभळं औषध लिहून दिलं. बुरशी जाईल. आवाजाचं तसं ठाम सांगता येत नाही, म्हणाले. बहुतेक परत येतो, हळूहळू येतो. "पंप मात्र चालू ठेवायचा. औषध घ्यायचं, लगेच चूळ, गुळण्या, थुंकायचं. एवढाच बदल. पंप बंद केला तर दमा महिनाभरात पहिल्या जागी येईल."

"बंद केलाय," आबिदा म्हणाली. "दहा-बारा दिवस झाले."

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. "मग इथे बसू नका. घरी जा."


बसमध्ये

अब्बा, डॉक्टर म्हणाले की

अब्बा, एक गंमत झाली, आपण जे आधी करत होतो ते

अब्बा, यात कोणाचीच

अब्बा, मी तेव्हा कणीक मळत होते आणि तुम्ही विचारलंत, डॉक्टर म्हणाले का, आणि मी

अब्बा, डॉक्टर म्हणाले की आता

आता पद्धत बदललीय.

हे वाक्य पूर्ण झालं. उतरायचं ठिकाणही आलं.


पद्धत बदललीय

"कोणी बदलली?"

"डॉक्टरांनी. नवीन... नवीन निघालंय असं. आता औषध आधी, वजू नंतर. चूळ नंतर. म्हणजे हे असं होत नाही."

निजाम खाटेच्या कडेवर बसला होता. पाठ किंचित पुढे, हात गुडघ्यांवर. तशी बसायची सवय जानेवारीत सुटली होती.

"म्हणजे आधी पाणी नको म्हणाले. आता पाणी हवं म्हणतात."

"हो."

"आणि आधीच्या पद्धतीने माझा आवाज गेला."

"...हो."

"मग पुढच्या महिन्यात तिसरी पद्धत काढतील. तिच्यात काय जाईल?" तो थांबून श्वास घेऊन बोलत होता. "ज्या डॉक्टरला पाणी आधी की नंतर एवढं ठाऊक नाही, त्याचं औषध मी छातीत घालू?"

"डॉक्टर चांगले आहेत, अब्बा."

"चांगले असतील. मला चुकीचं सांगितलं ना त्यांनी?"

इथे तिने बोलायचं होतं. अब्बांनी प्रश्न अगदी तिच्या हातात आणून दिला होता. फक्त नाही म्हणायचं. नाही अब्बा, त्यांनी नाही.

"जांभळं औषध तरी लावू द्या," ती म्हणाली.

ते त्याने लावू दिलं. कापसाच्या बोळ्याने जीभ, गाल, टाळू. निजामचं तोंड जांभळं झालं. लताबाई दारातून डोकावल्या. "अगं बाई, निजामभाऊ, जांभळं चोरून खाल्लीत की काय? अजून तर झाडाला नुसता मोहोर हाय." निजामने जांभळी जीभ काढून दाखवली आणि सगळे हसले, आबिदासुद्धा. हसताना तिला वाटलं, अब्बा हसतायत म्हणजे राग नाही, राग नाही म्हणजे सांगायची तशी घाई नाही.

रोज थोडं असं. पांढरे ठिपके विरत गेले. आणि रोज संध्याकाळी छातीतली शिट्टी थोडी मोठी. पंप रुमालात.

रोज सकाळी फजरला निजाम मोरीत वजू करायचा, मशिदीत जायचा आणि पहिल्या रांगेत बसून जमीलची अजान ऐकायचा. परत आल्यावर सरळ बसून तसबीहचे मणी ओढायचा. तौबा करतोय, हे तिला त्याच्या ओठांवरून कळायचं. गरुराची माफी मागत होता. जे त्याने केलं नव्हतं त्याची माफी. ती चूल पेटवत बसायची. माफी मागणारा चुकीचा माणूस आहे, हे त्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं.


खाट

एप्रिलातला उकाडा. असर झाली होती, संध्याकाळच्या मगरिबला वेळ होता.

आबिदा शाळेतून आली तेव्हा निजाम खाटेच्या कडेवर होता. दोन्ही हात टेकलेले, खांदे प्रत्येक श्वासाबरोबर कानाकडे चढत होते. मानेच्या बाजूचे खड्डे आत ओढले जात होते. शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, बोलायचा प्रयत्न केला. एक शब्द बाहेर आला. मग श्वास. मग दुसरा शब्द आला नाही.

तिने कपाटाकडे धाव घेतली, रुमाल सोडला, आणि मग तिच्या लक्षात आलं की हा पंप आत्ता काही करणार नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दम लागल्यावर नाही. दम लागू नये म्हणून. ज्या दिवसांत घ्यायला हवा होता ते दिवस गेले होते.

जमील कामावरून परतत होता. त्याने मोटारसायकल दारातच आडवी टाकली आणि रिक्षा आणली. दोन गल्ल्या पुढच्या दवाखान्यात शिरेतून सावकाश इंजेक्शन दिलं. आणखी एक दिलं. आबिदा बाकावर बसली होती. तिच्या मुठीत पंप होता, रुमालाशिवाय.

तासाभराने खांदे खाली आले.

घरी आणल्यावर उशा रचून निजामला बसवलं. जमील मशिदीकडे पळाला, मगरिबची अजान दुसऱ्या कोणीतरी दिली होती, रात्रीच्या इशाची त्याला द्यायची होती. खोलीत दोघंच राहिली.

"अब्बा."

त्याने डोळे उघडले.

"पद्धत बदललेली नाही."

तो बघत राहिला.

"डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. औषध घेतलं की चूळ. नंतर. तुम्ही तेव्हा फोटो काढायला आत होतात. मी म्हटलं, अब्बा वजू करतात, आणि ते हसले. मग मी घरी येऊन उलटं बसवलं. वजू आधी. आणि पाणी नको हे... हे डॉक्टर म्हणालेच नव्हते. ते मी म्हणाले."

निजामची नजर माठावरच्या पेल्याकडे गेली.

"मला वाटलं, धुऊन जाईल."

खोलीत त्याचा श्वास ऐकू येत होता. अजून थोडी शिट्टी, शेवटाला.

"पेला तू उचलायचीस," तो म्हणाला.

"हो."

"मला तहान लागलेली असायची."

"हो, अब्बा."

"रोज."

 तिने नुसती मान डोलावली.

"आणि मग मी डॉक्टरला नावं ठेवली, तेव्हा तू इथेच उभी होतीस."

"हो."

निजामने मान भिंतीला टेकवली. त्याच्या ओठांच्या कडांना अजून जांभळा रंग होता.

"म्हणजे गरूर नव्हता."

"नाही, अब्बा."

"होता," तो म्हणाला. "गरूर होताच. आवाज त्याने गेला नाही, एवढंच." असं म्हणून तो किंचित हसला की त्याला खोकला आला, हे तिला कळलं नाही. तिने पाठ चोळायला हात पुढे केला. त्याने तो हात बाजूला केला नाही, पण तिच्याकडे वळलाही नाही.

बाहेर जमीलची अजान सुरू झाली. 'फलाह'वर तो सावकाश थांबला. चांगला थांबला.

ती संपेपर्यंत निजाम ओठ हलवत राहिला. मग हात पुढे केला.

"आण."

तिने पंप दिला. त्याने तो हलवला, श्वास सोडला, ओढला, दाबला, धरला. आधीसारखा लांब नाही. पुन्हा एकदा. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती माठाकडे गेली. पेला भरून आणला, तांबडं घमेलं पुढे धरलं.

निजामने चूळ भरली. गुळणी केली, मान मागे टाकून, घशात पाणी खळखळवत. थुंकली. पुन्हा. पुन्हा. पेला रिकामा झाला तेव्हा त्याने तो तिच्यापुढे धरला.

"आता प्यायला," तो म्हणाला.


नंतर

सकाळ-संध्याकाळ, दोनच वेळा, प्रत्येक वेळी जास्त झटके, असं डॉक्टरांनी रमजानसाठी बसवून दिलं. पहाटे सहेरीला पंप, मग गुळण्या, मग खाणं. इफ्तार झाल्यावर पुन्हा पंप, पुन्हा गुळण्या. या खेपेला निजाम स्वतः गेला होता. डॉक्टरांच्या तांब्यातलं पाणी घेऊन त्याने तिथेच सगळं करून दाखवलं, क्रमाने. डॉक्टरांनी खिडकी उघडून दिली थुंकायला. दोघांमध्ये आणखी काय बोलणं झालं ते त्याने आबिदाला सांगितलं नाही. ती बाहेर बसली होती. आत येऊ का, असं विचारायचं तिला सुचलं नाही, किंवा धाडस झालं नाही.

तोंड स्वच्छ झालं. तिखट परत आलं. श्वास परत आला. आवाज मात्र आपल्या गतीने येत होता. आज घोगरा, उद्या थोडा मोकळा, परवा पुन्हा घोगरा.

आणि पेला. त्या रात्रीनंतर निजामने पितळेचा एक वेगळा पेला काढला. तो तोच भरायचा, तोच विसळायचा, मोरीच्या कट्ट्यावर पालथा घालायचा. रागाने नाही. एकदा तिने तो भरून ठेवला तर त्याने निमूट ते पाणी तुळतुळीत कट्ट्यावरून मोरीत ओतलं आणि स्वतः भरला. तिने पुन्हा हात लावला नाही.

कधी कधी ती दुपारी एकटी असताना तो पेला बघायची. तीस वर्षांची मास्तरीण, वर्गात पोरांना सांगते, आधी वाचा, मग लिहा, क्रम चुकवू नका.

रमजानच्या आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला. मोहल्ला छपरांवर होता. लताबाईही आपल्या गच्चीवर होत्या, चंद्र बघायला कोणाला बंदी नाही म्हणायच्या. आबिदा खालीच होती, चुलीपाशी.

भोंगा खरखरला.

मग आवाज आला, आणि तिला क्षणभर कळलं नाही कोणाचा. जमीलचा नव्हता. जुना अब्बांचाही नव्हता. खालच्या पट्टीतला, कडा झिजलेला, स्टो पेटताना आधी येतो तसा फडफडणारा. पण तो थांबला नाही. एकेका शब्दाला जमिनीवर पाय ठेवल्यासारखा पुढे गेला. 'फलाह'पाशी तो वर चढायला लागला, आणि जिथे पूर्वी तान नदीपलीकडे जायची तिथे पोचण्याआधीच खाली उतरला. स्वतःहून उतरला, फाटला नाही.

"आबिदा," लताबाईंनी वरून हाक मारली. "जमीलचा घसा बसलाय का गं?"

"नाही मावशी. अब्बा आहेत."



"असं व्हय," लताबाई म्हणाल्या. "हा पण बरा वाटतोय."

निजाम घरी आला तेव्हा घामाने भिजला होता. चप्पल काढली, मोरीपाशी गेला, पितळेचा पेला उचलला. मग तो तसाच रिकामा घेऊन खोलीच्या मध्ये उभा राहिला.

आबिदा कणीक मळत होती. या वेळी तिने मान वर केली.

"लांबली नाही तान," तो म्हणाला. त्या झिजल्या आवाजात.

"ऐकली, अब्बा."

"पुढे लांबेल की नाही, डॉक्टरला सांगता येत नाही."

"हो."

"तुझ्यामुळे," तो म्हणाला. जसं आहे तसं, न वाढवता, न कमी करता.

"हो," आबिदा म्हणाली.

त्याने पेला तिच्यापुढे धरला. तिचे हात कणकेने भरलेले होते. ती उठली, मोरीत हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा एकदा धुतले, आणि माठाकडे गेली. निजाम रुमालातून पंप काढून तो हलवत होता.

ती भरलेला पेला घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याने प्रत्येक झटक्याचा श्वास धरून सोडेपर्यंत ती उभी होती. मग तिने पेला पुढे केला.